“कपडे कधी मिळणार?” याचं उत्तर आधीच ठरवून ठेवूया



आमच्या गटाने तालुक्याच्या गावात घरोघरी जाऊन कपडे आणायचे, धुवून-इस्त्री करून परत पोचवायचे, असं काम सुरू केलं. शिक्षक, बँकेतले लोक, दवाखान्यातल्या नर्सताई अशी गिऱ्हाइकं मिळाली. धुणं आणि इस्त्री आम्ही स्वतः करतो. शालू, पैठणी, कोट, लोकरीच्या शाली मात्र पाण्यात घालत नाही. ते कपडे ड्रायक्लीनिंगला जिल्ह्याच्या गावी द्यावे लागतात.

पहिल्याच लग्नसराईत आमची फजिती झाली. एका काकूंनी सोमवारी शालू दिला आणि विचारलं, “कधी मिळेल?” आमची ताई म्हणाली, “चार दिवसांत देऊ.” घरात रविवारी लग्न होतं. शुक्रवारी काकूंचा फोन आला, शनिवारी तीन आले. शेवटी शनिवारी दुपारी आमच्यातली एकजण खास एस.टी.ने जाऊन शालू घेऊन आली. अर्ध्या तिकिटातही जाऊन-येऊन नव्वद रुपये गेले, आणि त्या शालूमागे आम्हाला सुटणार होते साठ.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याला खरंच चार दिवस लागतात. चूक आमची होती. आम्ही दुकानदाराचे दिवस सांगितले, गिऱ्हाइकाचे नाही. म्हणून आम्ही बसून दोन गोष्टी केल्या. आधी दिवस मोजले, मग काय बोलायचं ते लिहून काढलं.

आधी दिवस मोजा

आम्ही कपडे आणतो सोमवारी आणि गुरुवारी. ड्रायक्लीनिंगचं गाठोडं घेऊन जिल्ह्याला जातो मंगळवारी आणि शुक्रवारी. दुकानात दिल्यापासून चौथ्या दिवशी कपडा तयार होतो, सुटीचा दिवस धरून.

आता सोमवारचा शालू बघा. मंगळवारी दुकानात गेला, शनिवारी तयार झाला. पण शनिवारी आमची फेरी नसते. पुढची फेरी मंगळवारी, म्हणजे घरी पोचणार बुधवारी. झाले नऊ दिवस! गुरुवारी आणलेला कपडा शुक्रवारी दुकानात जातो, मंगळवारी तयार होतो, त्याच फेरीत परत येतो आणि बुधवारी घरी पोचतो. म्हणजे सोमवारी द्या की गुरुवारी, ड्रायक्लीनिंगचा कपडा पुढच्या बुधवारीच मिळतो. हे कळल्यावर आमचं बोलणं एकदम सोपं झालं.

साध्या धुण्याचंही तसंच मोजलं. सोमवारी आणलेले कपडे त्याच दिवशी धुतले, संध्याकाळपर्यंत वाळले, मंगळवारी इस्त्री झाली. ते बुधवारी संध्याकाळी देता येतात. गुरुवारचे शनिवारी संध्याकाळी. इस्त्री मंगळवारीच संपते, पण लाईट गेली तर बुधवारची सकाळ हाताशी असते. एवढी सवड ठेवावीच.

मग बोलणं ठरवा

फोनवर किंवा दारात आम्ही आता असं बोलतो:

“नमस्कार काकू, मी बचतगटाच्या लॉन्ड्रीतून बोलतेय. तुम्हाला कपडे घेऊन कुठे जायला नको. आम्ही सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात तुमच्या दारात येऊन कपडे नेतो आणि इस्त्री करून दारातच आणून देतो.

“आज सोमवार, 3 तारीख. धुवायचे कपडे परवा बुधवारी, 5 तारखेला, संध्याकाळी पाच ते सातमध्ये मिळतील. ड्रायक्लीनिंगचे कपडे जिल्ह्याला जातात, ते पुढच्या बुधवारी, 12 तारखेला, त्याच वेळेला मिळतील.

“यातलं काही त्याआधी लागणार आहे का? कुठे लग्नकार्य, प्रवास?

“तुमच्यासमोर कपडे मोजते. पावतीवर नग, पैसे आणि परत मिळायची तारीख लिहिलीय. एकदा वाचून घ्या. काही कारणाने उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी आम्हीच फोन करू.”

एवढंच. पण यातल्या प्रत्येक वाक्यामागे काहीतरी कारण आहे.

“घरपोच सेवा, उत्तम सेवा” असं आम्ही म्हणत नाही. ते सगळेच म्हणतात. गिऱ्हाइकाचा कोणता त्रास वाचतो तेवढंच सांगतो: गाठोडं उचलून जायचं नाही, आणायला परत जायचं नाही. आणि येण्याची वेळ सांगितली की त्या वेळेला जायचंच. साडेअकराला पोचलो तर काकू बाजाराला गेलेल्या असतात, मग सोय कसली?

“दोन-तीन दिवसांत” हे शब्द आम्ही बंद केले. आपण म्हणतो दोन-तीन, गिऱ्हाईक ऐकतं दोन. “चार दिवस” म्हटलं तरी आजचा दिवस धरायचा की उद्यापासून मोजायचं, हा घोळ राहतोच. वार, तारीख आणि वेळ सांगितली की घोळ राहत नाही.

धुणं आणि ड्रायक्लीनिंग यांची तारीख वेगवेगळी सांगायची, पावतीवरही वेगळ्या ओळीत लिहायची. एकाच पिशवीत सहा शर्ट आणि एक पैठणी असली तर गिऱ्हाइकाला वाटतं, सगळं बुधवारी एकदम येणार.

“त्याआधी लागणार आहे का?” हा प्रश्न विसरू नका. आमच्या काकूंना तो तेव्हा विचारला असता तर रविवारचं लग्न लगेच कळलं असतं. तातडीचं काम असेल तर आधी दुकानदाराला फोन करायचा, त्याने हो म्हटलं तरच गिऱ्हाइकाला हो म्हणायचं. जादा फेरीचं भाडं किती लागेल तेही तेव्हाच सांगायचं. नाही जमत तर “काकू, हा शालू रविवारपर्यंत येणार नाही” असं स्पष्ट सांगून कपडा त्यांच्याकडेच ठेवायचा. एक काम गेलेलं परवडतं.

डाग असेल तर तोही तिथेच दाखवायचा: “हा हळदीचा डाग पूर्ण जाईल असं सांगता येत नाही, चालेल का?” पावतीवर “डाग आहे” असं लिहायचं. नंतर वाद होत नाही.

पावसाळ्यात बोलणं बदला

जून ते सप्टेंबर एका दिवसात कपडे वाळत नाहीत. दमट कपड्यावर इस्त्री फिरवून घडी घातली तर कपाटात कुबट वास सुटतो. म्हणून या महिन्यांत धुण्याला एक दिवस वाढवतो: सोमवारचे कपडे गुरुवारी, गुरुवारचे रविवारी, वेळ तीच. हे पहिल्या पावसाआधीच सगळ्यांना सांगून टाकतो. आधी सांगितलेला उशीर लोक समजून घेतात.

बोलणं चुकतंय हे कसं कळतं?

“कपडे झाले का?” असे फोन आठवड्यात किती येतात, ते वहीत लिहा. सांगितलेल्या तारखेआधी फोन येत असतील तर आपण तारीख नीट सांगितली नाही किंवा पावतीवर लिहिली नाही. तारखेनंतर येत असतील तर आपलं मोजणं चुकलंय. तेव्हा परत वही घेऊन बसायचं, कपडा कुठल्या टप्प्यावर थांबतो ते शोधायचं आणि तारीख बदलायची.

तुमच्या गटाच्या फेऱ्यांचे वार वेगळे असतील, दुकानदार वेगळा असेल. म्हणून आमच्या तारखा उचलू नका. पुढच्या बैठकीत एक शालू डोळ्यासमोर ठेवा, तो कोणत्या वारी कुठे असेल ते ओळीने लिहा. जो वार शेवटी येईल, तोच सगळ्याजणींनी गिऱ्हाइकाला सांगायचा.