बोक्याच्या छातीतलं दुधाळ पाणी

मांजर दुखण्याचा बोभाटा करत नाही. ते कपाटाखाली जाऊन बसतं, जेवण टाळतं आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत श्वासागणिक त्याचं पोट हलू लागलेलं असतं. गाढ झोपेत मांजराचे श्वास मिनिटाला साधारण तीसच्या आत असतात. ते पन्नास-साठवर गेले आणि उथळ झाले, तर फुप्फुसांभोवती पाणी साठल्याची शंका घ्यावी लागते.

समजा, चार किलो वजनाचा नऊ वर्षांचा बोका अशा अवस्थेत दवाखान्यात आला. जाणता डॉक्टर त्याला एक्स-रेसाठी आडवा पाडत नाही. त्या धडपडीतच मांजर दगावू शकतं. आधी ऑक्सिजन, जमल्यास सोनोग्राफीची झटपट नजर, मग सुई. बोका पोटावर बसलेला असतानाच सातव्या-आठव्या बरगडीच्या फटीतला केस काढून कातडी स्वच्छ करतात आणि बारीक बटरफ्लाय सुई बरगडीच्या पुढच्या कडेला लागून आत घालतात. मागच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जाते, ती टाळायची असते. पाणी सिरिंजने हळूहळू ओढतात. दीडदोनशे मिली निघालं, की बोका बऱ्याचदा टेबलावरच मोकळा श्वास घेऊ लागतो.

खरी परीक्षा मात्र पुढेच. थोडं पाणी पेशी तपासायला जांभळ्या झाकणाच्या नळीत, थोडं साध्या नळीत जातं. ते घाण वासाचं, पुवासारखं असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली झिजलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जिवाणू दिसले, तर तो संसर्ग. त्यात पाण्यातली साखर रक्तातल्यापेक्षा बरीच कमी असते, कारण जिवाणू आणि पेशी ती खाऊन टाकतात. अशा वेळी एकदा सुई घालून भागत नाही. छातीत नळी ठेवून ती धुवावी लागते, कल्चर करावं लागतं आणि अँटिबायोटिक कित्येक आठवडे चालतं.

आपल्या बोक्याचं पाणी निघालं दुधाळ. त्यातलं ट्रायग्लिसराइड ६४०, रक्तातलं ७०; पेशी बहुतेक लहान लिम्फोसाइट. म्हणजे हा लसिकेचा चरबीयुक्त रस, कायल. (उपाशी मांजरात हाच रस फारसा दुधाळ दिसत नाही, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये.) इथे ‘छातीतली लसिकानलिका फुटली’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण मांजरांत हृदय थकलं तरी कायल साठू शकतं. शिरांमधला दाब वाढतो, लसिकेला शिरेत उतरायला वाट मिळत नाही आणि ती छातीत पाझरते. हृदयाचं पाणी फिकट गुलाबी किंवा पिवळसर, मध्यम प्रथिनांचंच असेल असं नाही.

म्हणून इको. बोक्याचा डावा कर्णिका-कप्पा शेजारच्या महाधमनीच्या दुपटीहून मोठा आणि हृदयाची भिंत जाड निघाली. त्याला शस्त्रक्रियेऐवजी फ्युरोसेमाइड आणि गुठळ्या टाळायला क्लोपिडोग्रेल सुरू झालं. हृदय ठणठणीत निघालं असतं, तर छातीतली गाठ शोधावी लागली असती. काहीच न सापडल्यास नलिका बांधायच्या शस्त्रक्रियेचा विचार. फ्युरोसेमाइडने पाणी कमी भरतं, पण थांबेलच असं नाही. त्यामुळे घरच्यांना झोपेतले श्वास रोज मोजायला सांगितलं जातं. आकडा चढू लागला, की पुन्हा सुई. वारंवार साठणारं कायल फुप्फुसांवर जाड साल धरतं, आणि मग पाणी काढूनही ती नीट फुगत नाहीत.