‘पुढच्या तिमाहीत पाठवा’ म्हणणाऱ्या ग्राहकाकडून तारीख कशी घ्यावी

कोटेशन गेल्यावर खरेदी विभागाकडून जी उत्तरं येतात, त्यांत ‘आत्ता नको, पुढच्या तिमाहीत पाठवा’ हे सर्वांत फसवं असतं. त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो. विक्रेता ‘बरं साहेब’ म्हणून फोन ठेवतो आणि वहीत ‘जानेवारीत फोन’ एवढंच लिहितो. जानेवारीत फोन केला की ‘आता मार्च एंड आला, एप्रिलमध्ये बघू’ असं ऐकावं लागतं. ऑर्डर हातून जाते ती बहुतेक वेळा ‘बरं साहेब’ म्हणतानाच.

या एका वाक्यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात. यंदाचं बजेट संपलेलं असतं, किंवा निर्णय बोलणाऱ्याच्या हातात नसून मालकाच्या वा प्लांट हेडच्या हातात असतो. कधी वस्तूची गरजच अजून पटलेली नसते, तर कधी तोंडावर ‘नको’ म्हणणं जड जातं म्हणून तिमाहीचं नाव पुढे केलं जातं. कारण कळल्याशिवाय तारीख मागितली, तर समोरचा सुटका करून घेण्यासाठी कुठलीही तारीख देतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात मान्य करण्यापासून व्हावी आणि लगेच एकच प्रश्न यावा : ‘चालेल साहेब, पुढच्या तिमाहीतच घेऊ. तेव्हा तुमच्याकडे नेमकं काय बदलणार आहे?’ ज्याच्याकडे खरं कारण असतं, तो ते सांगतो. ‘बघू, तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं, तर अडचण वेळेची नाही असं समजायला हरकत नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. तिथे जुना 37 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. विक्रेत्याने नोव्हेंबरमध्ये व्हीएफडी असलेल्या, म्हणजे हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या नव्या कॉम्प्रेसरचं 8 लाख रुपयांचं कोटेशन दिलं. परचेस मॅनेजर म्हणाले, ‘पुढच्या तिमाहीत पाठवा.’ वरचा प्रश्न विचारल्यावर खुलासा झाला : मशिनरीसाठी ठेवलेले यंदाचे पैसे खर्च झालेत आणि नवे पैसे एप्रिलपासून मिळतील.

इथे घाई केली तर विक्रेता ‘मग एप्रिलमध्ये भेटू’ म्हणतो आणि चुकतो. पैसे एप्रिलपासून मिळणार असले, तरी ते कशावर खर्च करायचे हे त्याआधीच ठरतं. म्हणून पुढचा प्रश्न असा हवा : ‘एप्रिलच्या बजेटची यादी कधी पक्की होते, आणि ती कोण करतं?’ उत्तर मिळालं : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, प्लांट हेड आणि अकाउंट्सचे साहेब बसून. म्हणजे ग्राहकाच्या तोंडी एप्रिल असला, तरी विक्रेत्याच्या कामाची तारीख जानेवारीत पडते. फॉलोअपची तारीख तिमाहीच्या सुरुवातीवरून ठरवायची नसते. निर्णय जिथे होतो त्या बैठकीपासून मागे मोजत यायचं असतं.

‘तिमाही’ म्हणजे नेमकी कोणती, हेही एकदा विचारलेलं बरं. आपलं आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं. पण परदेशी मूळ कंपनी असलेल्या काही कारखान्यांत अंतर्गत बजेट जानेवारी ते डिसेंबर असं चालतं. अशा ठिकाणी नव्या वर्षाचे पैसे जानेवारीतच सुटतात, मात्र त्यांची यादी दिवाळीच्या आसपासच बंद झालेली असू शकते.

आता दिवस निवडायचा. यादी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरणार, तर परचेस मॅनेजरना कागद फिरवायला दहा-बारा दिवस हाताशी हवेत. अकाउंट्सची माणसं महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटी रिटर्नमध्ये गुंतलेली असतात. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. हे सगळं जुळवलं की 2026 साली बुधवार, 21 जानेवारी हा दिवस निघतो. आणि तारीख विक्रेत्यानेच सुचवावी. ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारलं की उत्तर पुन्हा ‘बघू’कडे वळतं.

फोन संपल्यावर त्याच दिवशी पाठवायचा मेल साधारण असा :

‘नमस्कार साहेब, आज बोलल्याप्रमाणे एप्रिलच्या बजेटची यादी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरते. त्याआधी आपल्याला बचतीचा हिशेब देता यावा म्हणून बुधवार, 21 जानेवारीला सकाळी 11 वाजता अर्धा तास भेटू या. अकाउंट्सच्या साहेबांनाही त्या वेळी बोलावता आलं तर सोयीचं होईल. मेंटेनन्स विभागाने त्याआधी सात दिवस कॉम्प्रेसरच्या पॅनलवरचं रीडिंग लिहून ठेवावं, ही विनंती. कॅलेंडरवर निमंत्रण पाठवतोय. वेळ गैरसोयीची असेल तर शुक्रवार, 23 जानेवारी चालेल का, कळवावं.’

या मेलमध्ये सर्वांत मोलाचं वाक्य रीडिंगचं आहे. स्क्रू कॉम्प्रेसरच्या पॅनलवर एकूण चालू तास आणि लोड तास वेगळे दिसतात. दोन्हींतला फरक म्हणजे मशीन हवा न देता नुसतं फिरत होतं तो वेळ. अशा रिकाम्या फिरण्यातही पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज जाते. समजा, रोज आठ तास मशीन अनलोड फिरतं आणि तासाला 11 युनिट खातं. म्हणजे रोजची 88 युनिटं. युनिटमागे 9 रुपये धरले, तर रोज जवळपास 800 रुपये आणि 300 दिवसांचे 2 लाख 37 हजारांहून अधिक. ही सगळी वीज वाचेल असं सांगू नये, पण 8 लाखांच्या मशीनवर बोलणं या आकड्यापासून सुरू होऊ शकतं. शिवाय रीडिंग ग्राहकाच्याच माणसाने लिहिलेलं असल्यामुळे 21 तारखेला भेटायला दोन्ही बाजूंना कारण उरतं. ज्या तारखेला काही काम जोडलेलं नाही, ती सहज पुढे ढकलली जाते.

सात दिवसांचं रीडिंग 20 तारखेच्या संध्याकाळपर्यंत पूर्ण व्हायचं असेल, तर ते 14 जानेवारीला सुरू व्हायला हवं. म्हणून 12 जानेवारीच्या सुमारास मेंटेनन्सच्या सुपरवायझरला एक फोन करावा. तो फोनही चाचणीच असतो. ‘हो, साहेबांनी सांगितलंय’ असं उत्तर आलं, तर खरेदीचा विचार खरा आहे. त्याला काहीच माहीत नसेल, तर परचेस मॅनेजरशी 21च्या आधीच पुन्हा बोलायला हवं.

नोव्हेंबरच्या कोटेशनची मुदत बहुधा 30 दिवसांची असते, त्यामुळे जानेवारीत नवं कोटेशन द्यावं लागेल. हे आत्ताच सरळ सांगून टाकावं. भाव वाढणार असतील तर किती आणि का, तेही सांगावं. पण भाव वाढणार नसताना ‘डिसेंबरनंतर महागेल’ अशी भीती घालू नये. परचेसवाले रोज दहा विक्रेत्यांशी बोलतात. जानेवारीत तोच भाव दिसला की पुढचा आकडाही त्यांना खरा वाटत नाही.

काही ग्राहक कारण सांगतात, पण तारीख देत नाहीत. त्यांच्यासाठी आठवडा पुरे : ‘19 ते 23 जानेवारीच्या आठवड्यात फोन केला तर चालेल ना?’ निर्णय दुसऱ्या कोणाच्या हातात असेल, तर तारखेपेक्षा त्या माणसाशी ओळख करून घेणं आधी हवं. आणि कारणही नाही, तारीखही नाही, असं असेल तर मागे लागू नये. वर्षातून एक-दोनदा नवी माहिती पाठवावी, एवढंच.

ठरलेली तारीख ग्राहकाने एकदा हलवली, तर ते कामाच्या गर्दीत होतं. तेव्हा त्याच संभाषणात दुसरी तारीख घ्यावी आणि बजेटची बैठकही हलली आहे का, हे विचारावं. बैठक जागेवर असून भेट दुसऱ्यांदा हलली, तर स्पष्ट विचारणं योग्य : ‘यंदाच्या यादीत कॉम्प्रेसर नसेल तर तसं सांगा साहेब, मी फाइल बंद करतो आणि पुढच्या बजेटआधी संपर्क करतो.’ ज्यांना घ्यायचं असतं, ते अशा वेळी थांबवतात. बाकीचे ‘हो, तसंच करा’ म्हणतात. मग त्या कोटेशनची रक्कम मार्चच्या अपेक्षित विक्रीतून त्याच दिवशी काढून टाकावी.