आजारी मूल, चमचा आणि पेला

घरात दीड-दोन वर्षांचे मूल आजारी पडले, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो, 'काही खाल्लं का?' हा. डॉक्टरांकडे आले तरी हीच तक्रार आधी सांगितली जाते. ताप किती, उलट्या किती, लघवी केव्हा झाली हे नंतर. आम्ही या व्याख्यानात हा क्रम उलटा करण्याची विनंती करणार आहोत. जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्या लहान मुलाच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा प्रश्न पाण्याचा असतो. अन्नाचा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो वाटतो तितका घाईचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक आजीबाई सुनेला व नातवाला घेऊन आल्या. मुलगा दीड वर्षाचा. आदल्या रात्री तीन उलट्या झाल्या, पहाटेपासून सहा पातळ जुलाब झाले. 'डॉक्टर, कालपासून पोर अन्नाला शिवत नाही हो,' आजी म्हणाल्या. सुनेने दूधभात भरवून पाहिला होता, बिस्कीट पाहिले होते, शेवटी ग्लुकोजचे पाणी पेलाभर पाजले होते. तो पेला मुलाने तहानेने एका दमात संपवला आणि पाच मिनिटांत सारा बाहेर काढला. तेव्हापासून पाणीसुद्धा पोटात राहत नाही, अशी दोघींची समजूत झाली होती.

लसीकरणाच्या कार्डावर महिन्यापूर्वीचे वजन १० किलो होते. आमच्या काट्यावर ते ९.४ भरले. एका दिवसात मूल ६०० ग्रॅम चरबी गमावत नाही. हे गेले ते पाणी. म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे सहा टक्के भाग. डोळे जरा खोल गेले होते, जीभ कोरडी होती, रडताना अश्रू येत नव्हते, आणि पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच न बसता हळू बसत होती. लघवी सकाळपासून झालीच नव्हती. मूल चिडचिडे होते, पण शुद्धीवर होते आणि चमचा दिसला की तोंड पुढे करीत होते. ही शेवटची खूण आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जे मूल पिऊ शकते, त्याला बहुधा तोंडावाटेच बरे करता येते.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. जुलाबात आतडे पाणी बाहेर टाकते, पण त्याच्या भिंतीतील एक वाट बहुधा शाबूत असते. त्या वाटेने ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. नुसते पाणी किंवा नुसती साखर या कामी अपुरी पडते. दोन्हींचे प्रमाण बरोबर हवे. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना मांडली. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण डब्यांतून भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आपण जिला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतो ती हीच.

आता त्या मुलाचे गणित मांडू. अशा मध्यम कोरडेपणात पहिल्या चार तासांत दर किलोस ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यावयाची असते. दहा किलोच्या मुलास ती ७५० मिलिलिटर होते. सूनबाईंना हा आकडा ऐकून धसका बसला. 'एक पेला राहत नाही, तिथं पाऊण लिटर कसं राहील?' त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण त्या पेल्याच्या भाषेत विचार करीत होत्या. आम्ही म्हटले, चमच्याच्या भाषेत पाहू. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. ७५० म्हणजे दीडशे चमचे. चार तासांची मिनिटे २४०. म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक चमचा. पेला एकदम दिला की चिडलेले जठर आकुंचन पावून तो फेकून देते. पण एक चमचा गेला तर त्याची दखल घेण्याआधीच तो पुढे सरकतो. एखादी उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा दोन-तीन मिनिटांना एक चमचा या सावकाश गतीने सुरू करावे. उलटी झाली म्हणून सगळे वाया गेले असे नसते. बरेचसे आत राहिलेले असते.

आजीबाईंनी मांडीवर घेतले, सूनबाईंनी घड्याळ समोर ठेवले. हे काम कंटाळवाणे आहे, हे आम्ही लपवीत नाही. एकटी आई ते चार तास करू शकत नाही, दोघांनी पाळीपाळीने करावे लागते. त्या मुलाला मध्ये दोन उलट्या झाल्या. चार तासांनी वजन ९.८ झाले, तोंड ओले दिसू लागले आणि त्याने सूनबाईंच्या साडीवर लघवी केली. आजी हसल्या, आम्हीही हसलो.

जलसंजीवनी तयार करताना होणारी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पुड्यावर जितके पाणी लिहिलेले असेल तितक्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खा पुडा घालावा. लिटरचा पुडा अर्धा करून पेल्यात टाकला, की मीठ जास्त होते आणि ते लहान मेंदूला घातक ठरू शकते. पाणी जास्त घातले तर उपयोग उणावतो. तयार केलेले मिश्रण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. पुडा नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा मात्र ५ मिलिलिटरचाच. चव अश्रूंहून खारट लागली तर ते टाकून नवे करावे. बाजारात सरबतासारख्या गोड पेयांवरही 'ओआरएस' हे नाव छापून विकण्याची रीत होती. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव अशा पेयांवरून काढण्यास सांगितले. फळांचे डबाबंद रस, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी यांत साखर जास्त आणि मीठ फार थोडे. अशी गोडी आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

कधी मूल जलसंजीवनीला तोंड फिरवते. त्यात एक गमतीची गोष्ट आहे. ज्या मुलाला पाण्याची खरी गरज आहे ते खारट पाणीही आवडीने पिते. गरज भागत आली, की तेच पाणी त्याला नकोसे वाटते. कोरडेपणाच्या खुणा नसलेले मूल चव नाकारीत असेल तर पातळ पेजेत मीठ घालून, ताक, वरणाचे पाणी, किंवा आईचे दूध द्यावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध तर कोणत्याही दिवशी तोडू नये. पुढे प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास आणखी ५० ते १०० मिलिलिटर द्यावे.

मुलाला गुंगी आली, ते पिऊच शकत नाही, झटके आले, जुलाबात रक्त दिसले, उलटी हिरवी आली, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर मात्र चमचे मोजत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. जुलाब 'बांधणारी' औषधे या वयात घरी देऊ नयेत.

आता अन्नाकडे वळू. आजारात भूक मरते ती मुलाचा हट्ट म्हणून नव्हे. शरीर जंतूंशी झगडताना रक्तात जी द्रव्ये सोडते, तीच मेंदूतील भूक दाबतात. अशा वेळी तोंड उघडवून घास कोंबला, तर तो उलटून पडतो, घशात अडकण्याचा धोका असतो, आणि बरे झाल्यावरही मूल चमचा पाहून तोंड मिटते. एकदा बसलेली ही भीती जायला आठवडे लागतात. पाणी नीट जात असेल तर एखादा दिवस थोडेच खाल्ले म्हणून मुलाचे मोठे नुकसान होत नाही.

परंतु म्हणून उपास घडवावा असेही नाही. आतड्याच्या आतील पेशी बऱ्याचशा त्यांच्यासमोरून जाणाऱ्या अन्नावरच पोसल्या जातात. पोट रिकामे ठेवले तर ते सावरायला वेळ लागतो. त्यामुळे कोरडेपणा भरून निघाला, की साधारण चार-सहा तासांतच नेहमीचे मऊ अन्न पुढे ठेवावे आणि दर दोन-तीन तासांनी दोन-चार घास विचारावेत. मऊ भात, मुगाचे वरण, कुस्करलेले केळे, दहीभात हे चांगले. मूल दोन घास खाऊन वळले तर ताट उचलावे, फार बोलू नये. काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे आईने ठरवावे. किती खायचे हे मुलाने.

आमच्या आजीबाई तिसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. जुलाब कमी झाले होते, पण त्या फक्त भाताची पातळ पेज आणि चहा-बिस्कीट देत होत्या, कारण 'जड काही सोसणार नाही'. पेजेत बहुतेक पाणीच असते. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला आठ-नऊशे उष्मांक लागतात, ते एवढ्या पाण्यातून भरायला त्याचे चिमुकले पोट पुरत नाही. आम्ही तीच पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट करायला, तीत मुगाची डाळ शिजवायला आणि प्रत्येक वेळी चमचाभर तूप घालायला सांगितले. त्या एका चमच्यात सुमारे चाळीस उष्मांक असतात. शिवाय डॉक्टर अशा वेळी जस्ताची गोळी चौदा दिवस देतात; जुलाब थांबले तरी ती मध्येच सोडू नये.

पाचव्या-सहाव्या दिवशी मूल स्वतः मागू लागते. पुष्कळदा ही भूक नेहमीहून जास्त असते, आणि नेमकी तिचाच फायदा आपल्याकडे कमी घेतला जातो. मूल बरे झाले म्हणून सगळे नेहमीच्या तीन वेळांवर परत येतात. निदान दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. दुपारी चारला वाटीभर नाचणीचे सत्त्व, उपमा किंवा तुपाचा शिरा, एवढेच. भूक परत येण्याच्या वाटेत सर्वांत मोठा अडसर दुधाच्या बाटलीचा असतो. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणारे मूल ताटाकडे पाहत नाही, आणि 'जेवत नाही म्हणून दूध देतो' हे चक्र सुरू होते. या मुलालाही आजारात रात्री तीन बाटल्यांची सवय लागली होती. सूनबाईंनी एक बाटली दर दोन दिवसांनी कमी केली, पहिल्या रात्री रडणे सोसले. दोन आठवड्यांनी दोघी वजन करायला आल्या तेव्हा काटा १०.१ वर होता. भूक दोन आठवड्यांतही परतली नसती, किंवा जुलाब चौदा दिवसांपलीकडे रेंगाळले असते, तर आम्ही पुढील तपासण्या केल्या असत्या; तशी वेळ आली नाही. मुलगा आजींच्या मांडीवर बसून आमच्या टेबलावरचा लाकडी चमचा चोखत होता.