घरचं वायफाय नक्की कोण वापरतंय? राउटरच्या ॲपमधून नाव, पासवर्ड आणि यादी



संध्याकाळी सात वाजता माझा दहावीचा ऑनलाइन जादा तास असतो. गेले काही दिवस बरोबर त्याच वेळी आवाज तुटायचा. मुलं म्हणायची, "मॅडम, तुम्ही अडकलात." नेट कंपनीला फोन करण्याआधी मी राउटरचं ॲप उघडलं, तर घरच्या वायफायवर ११ उपकरणं दिसली. घरात आम्ही चौघं! त्या यादीपासून नव्या पासवर्डपर्यंत काय काय केलं, ते क्रमाने सांगते.

माझा राउटर टीपी-लिंकचा आहे, त्याचं ॲप `Tether`. तुमचा वेगळा असेल तर त्याचं ॲप वेगळं असेल. जिओफायबरवाल्यांना हे मायजिओ ॲपमधून करता येतं. बटणांची जागा बदलते, पण क्रम हाच राहतो. पहिल्यांदा ॲप जोडताना फोन घरच्या वायफायवर असायला हवा आणि राउटरचा लॉगिन पासवर्ड लागतो. हा आणि वायफायचा पासवर्ड वेगळे. वायफायचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराची किल्ली. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे ते कुलूपच बदलण्याचा अधिकार.

आधी यादी, मग पासवर्ड

`Clients` वर बोट ठेवलं की सध्या जोडलेली उपकरणं दिसतात. मी कागदावर घरातली उपकरणं लिहिली: आमचे दोघांचे फोन, सासूबाईंचा फोन, मुलाचा टॅब, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर. झाली ७. म्हणजे ४ जास्त.

लगेच "चोर, चोर" म्हणू नका. एका उपकरणाच्या नावात `Espressif` असं काहीतरी होतं. ही स्मार्ट बल्ब, प्लग अशा वस्तूंत बसणारी चिप बनवणारी कंपनी. गॅलरीतला बल्ब मी मोजायलाच विसरले होते! दुसरा निघाला मुलाचा जुना फोन, कपाटात चार्जिंगला लावलेला. उरली २, आणि त्यांना धड नावच नव्हतं.

नाव नसेल तर त्या उपकरणाचा मॅक पत्ता बघायचा. हा दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा ओळखक्रमांक असतो, जसं `A6:3F:…`. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता बहुधा फोनने स्वतः तयार केलेला असतो. आजकालचे फोन खासगीपणासाठी खरा क्रमांक लपवतात, म्हणून ॲपला त्यांची कंपनीसुद्धा ओळखता येत नाही. अशा वेळी साधा उपाय म्हणजे घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि यादीतून काय गेलं ते बघायचं. आम्ही घरातलं सगळं एकेक करून बंद केलं, तरी ती दोन उपकरणं यादीत तशीच होती. म्हणजे ती आमची नव्हती.

कोडं लवकर सुटलं. दिवाळीत शेजारच्यांचं नेट बंद होतं, तेव्हा मीच पासवर्ड दिला होता. आणि एकदा फोन जोडला की अँड्रॉइडमध्ये वायफायच्या सेटिंगमधून क्यूआर कोड दाखवता येतो. तो स्कॅन केला की पुढच्याला पासवर्ड विचारावाही लागत नाही. एकाला दिलेला पासवर्ड असाच फिरतो. प्रश्न फक्त वेगाचा नाही. आपल्या घरातून जे काही नेटवर होतं ते बाहेर आपल्याच कनेक्शनच्या नावावर दिसतं, आणि काही गैर घडलं तर विचारणा आधी आपल्याकडेच येते.

यादीत `Block` असतं, ते मी वापरलं नाही. ते त्या मॅक पत्त्याला अडवतं आणि फोनचा पत्ता बदलू शकतो. पासवर्ड जुनाच राहिला तर तोच फोन नवा पत्ता घेऊन परत येतो.

आता पासवर्ड

`Tools` मध्ये `Wireless` उघडलं. तिथे 2.4GHz आणि 5GHz अशी दोन नेटवर्कं दिसतात. इथेच माझी चूक झाली. मी फक्त 5GHz चा पासवर्ड बदलला आणि `Save` केलं. थोड्या वेळाने बघते, तर एक पाहुणा अजून यादीत! दुसऱ्या नेटवर्कवर जुनी किल्ली चालूच होती. म्हणून दोन्ही बदला, आणि गेस्ट नेटवर्क चालू असेल तर तेही बघा.

पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. मुलाचं नाव किंवा मोबाइल नंबर नको, ते शेजाऱ्यांना माहीतच असतात. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत आणि एखादा आकडा, असं लांबलचक काहीतरी घ्या. ते सासूबाईंनाही टाइप करता आलं पाहिजे. `Save` दाबण्याआधी कागदावर लिहून ठेवा, कारण त्या क्षणी तुमचाही फोन तुटतो. घाबरू नका, नव्या पासवर्डने पुन्हा जोडा. एखादा फोन जुनाच पासवर्ड वापरत बसला, तर सेटिंगमध्ये ते नेटवर्क विसरायला सांगा आणि नव्याने जोडा.

सुरक्षेचा प्रकार विचारला तर WPA2 आणि WPA3 दोन्ही चालतील असा पर्याय ठेवा. नुसतं WPA3 ठेवलं तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही.

नाव बदलावं का?

नाव बदलल्याने सुरक्षा वाढत नाही. पण नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर असेल तर जरूर काढा. नाव देवनागरीत द्यायचा मोह मलाही झाला. मर्यादा ३२ बाइटची असते आणि देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट घेते, म्हणजे १० चिन्हांतच जागा संपते. शिवाय काही उपकरणांवर नाव चौकोन-चौकोन दिसतं. रोमनच बरं. आणखी एक गंमत: फोन लपवलेला पत्ता नेटवर्कच्या नावानुसार तयार करतो. नाव बदललं की तुमचेच फोन यादीत नवीन, अनोळखी म्हणून येतात. म्हणून नाव बदलायचं असेल तर पासवर्डबरोबरच बदला.

शेवटची पायरी चुकवू नका

पासवर्ड बदलल्यावर यादी जवळपास रिकामी होते. हीच खरी संधी. सगळ्यांना एकदम जोडू देऊ नका. एक उपकरण जोडा, यादीत दिसलं की त्याला नाव द्या, 'आजींचा फोन', 'गॅलरी बल्ब', मग पुढचं. आमची यादी ९ वर येऊन थांबली. बल्बला सगळ्यात जास्त वेळ लागला, तो त्याच्या ॲपमधून नव्याने जोडावा लागला आणि फक्त 2.4GHz वरच चालला. राउटरच्या लॉगिनचा पासवर्डही त्याच दिवशी बदलला. तो कुणाकडे असेल, तर नवी किल्ली त्याला ॲपमध्ये आयतीच वाचता येते.

शेजारच्या काकूंना मी सरळ सांगितलं आणि अडीअडचणीसाठी गेस्ट नेटवर्कचा वेगळा पासवर्ड दिला. एरवी ते बंद असतं. सातचा तास आता सुरळीत चालतो. महिन्यातून एकदा यादी उघडते, आणि दहावी ओळ दिसली तर लगेच कळतं.