तुकडा पूर्ण व्याख्यानाला खातो की जेवू घालतो?

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमातला नाही, पण मूळ प्रश्न आमच्याच घरचा आहे, कार्यकारणाचा. आपल्या व्याख्यानांचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकणाऱ्या मुलांमध्ये सध्या वाद चालू आहे. एक म्हणतो, "सर, शॉर्ट्स बंद करू या. लोक मिनिटभराचा तुकडा बघतात आणि दीड तासाचं व्याख्यान बघतच नाहीत." दुसरा म्हणतो, "शॉर्ट्समुळेच तर नवे लोक येतात." दोघंही पुरावा म्हणून आकडेच दाखवतात. मी म्हटलं, आकडे राहू द्या, आधी प्रश्न नीट मांडू.

'तुकडा व्याख्यानाला खातो' म्हणजे नेमकं काय? जो माणूस एरवी पूर्ण व्याख्यान ऐकणार होता, तो तुकड्यावरच समाधान मानून निघून गेला. आणि 'जेवू घालतो' म्हणजे? ज्याला आपलं नावही माहीत नव्हतं, तो तुकड्यामुळे आला आणि पूर्ण व्याख्यान ऐकू लागला. आता बघा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. तेव्हा 'हे की ते' हा प्रश्नच चुकीचा आहे. किती गेले, किती आले आणि वजाबाकी काय उरली, हा खरा प्रश्न.

पहिल्या मुलाचा पुरावा असा की शॉर्ट्स सुरू केले आणि व्याख्यानांचे प्रेक्षक घटले. याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. त्याच महिन्यात परीक्षा होत्या. विषयही जरा रुक्ष होते. शिवाय तुकडे कापण्यात मुलांचे दिवस गेले, म्हणून चारऐवजी तीनच व्याख्यानं चढली. दुसऱ्या मुलाचा पुरावाही तितकाच कच्चा. तो शॉर्ट्सचे व्ह्यूज दाखवतो. पण ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्टचा व्ह्यू तुकडा सुरू झाला की लगेच मोजतं. अंगठ्यानं वर ढकलून दिलेला तुकडाही त्यात आला. त्या आकड्यावरून व्याख्यानाबद्दल काहीच कळत नाही.

मग करायचं काय? नैयायिकांनी सांगितलेलंच करायचं, अन्वय आणि व्यतिरेक. तुकडे असताना काय होतं हे बघायचं आणि नसताना काय होतं हेही बघायचं. अडचण एकच. तुकडे कोणत्या व्याख्यानाचे काढायचे हे मुलांवर सोडलं, तर ती सगळ्यात रंगलेलंच व्याख्यान निवडणार. मग व्याख्यान तुकड्यामुळे चाललं की मुळातच चालणारं होतं, हे कधीच कळणार नाही. म्हणून निवड नाण्यावर सोपवायची.

आपल्याकडे आठवड्याला एक व्याख्यान चढतं. सोळा आठवड्यांच्या सोळा व्याख्यानांच्या आठ जोड्या लावायच्या. विषय आणि लांबी साधारण सारखी असलेली दोन व्याख्यानं एका जोडीत. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवायचं. एकाचे तीन तुकडे काढायचे, दुसऱ्याचा एकही नाही. आणि हे महत्त्वाचं, बरं का: तुकडे पहिल्या दिवशी टाकायचे नाहीत, आठव्या दिवशी टाकायचे. म्हणजे पहिल्या आठवड्यात ते व्याख्यान स्वतःच्या बळावर किती चालतं हे कळतं. त्यानंतरचे तीन आठवडे त्याच्याशी ताडून बघायचे.

मोजायचं काय? व्ह्यूज नाही, पाहिलेले तास. यूट्यूब स्टुडिओत त्या व्याख्यानाच्या अ‍ॅनालिटिक्समधून Advanced mode मध्ये जायचं आणि Subscription status नुसार तास वेगळे काढायचे. सबस्क्राइब केलेले म्हणजे ढोबळमानानं आपले जुने लोक. न केलेले म्हणजे बहुतेक नवे. खाणं दिसायचं तर जुन्यांमध्ये दिसेल, आणणं दिसायचं तर नव्यांमध्ये. म्हणून दोन रकाने.

आता एक जोडी सोडवून दाखवतो. आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, हे लक्षात असू द्या. समजा, तुकडे न काढलेलं व्याख्यान जुन्यांनी पहिल्या आठवड्यात ८० तास पाहिलं आणि पुढच्या तीन आठवड्यांत ४८ तास. म्हणजे शंभराला साठ. नव्यांनी आधी ५० तास, मग ४० तास. म्हणजे शंभराला ऐंशी. तुकडे काढलेलं व्याख्यान जुन्यांनी पहिल्या आठवड्यात ६० तास पाहिलं. मग तुकडे नसते तर पुढे ३६ तासांची अपेक्षा होती, मिळाले ३०. सहा तास तुकड्यांनी खाल्ले. नव्यांनी आधी ४० तास पाहिलं होतं. अपेक्षा ३२ तासांची, मिळाले ४४. बारा तास आले. बारातून सहा गेले, सहा तासांचा फायदा. दोन्ही मुलांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं निघालं!

पण एका जोडीवर निकाल द्यायचा नाही. आठ जोड्यांपैकी पाचांत फायदा दिसला तर मुलं टाळ्या वाजवतील. मी नाही वाजवणार. नुसतं नाणं आठदा उडवलं तरी पाच किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता तिनात एकाहून जास्त असते. आठात सात किंवा अधिक वेळा पडण्याची मात्र अठ्ठावीसात एक, साधारण. सातांत फायदा दिसला, तर बोलू.

दोन गोष्टींनी हा हिशेब बिघडतो. एक, तुकडा पाहून आलेला माणूस तिथेच सबस्क्राइब करतो आणि मग व्याख्यान ऐकतो. तो नवा असून जुन्यांत मोजला जातो, त्यामुळे खाणं असेल त्याहून कमी दिसतं. म्हणून रकान्यांपेक्षा शेवटच्या वजाबाकीवर अधिक भरवसा ठेवा. दोन, तुकड्यानं आणलेला माणूस जोडीतलं दुसरंच व्याख्यान ऐकू लागतो. मग फायदा असेल त्याहून कमी दिसतो. यावर उपाय म्हणून पुढच्या फेरीत चार आठवडे तुकडे आणि चार आठवडे काहीच नाही, असं आलटून पालटून करून पूर्ण चॅनेलचे तास बघता येतात.

आणि चाचणीआधी रस्ता आहे का ते बघा. ऑगस्ट २०२३ अखेरीपासून शॉर्टच्या वर्णनात किंवा कमेंटमध्ये दिलेली लिंक दाबली जात नाही. स्टुडिओत Related video या जागी पूर्ण व्याख्यान जोडावं लागतं. आमच्या मुलांनी ते कितीतरी तुकड्यांना जोडलंच नव्हतं. दारच नाही, आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून तक्रार!

शेवटी एक भेद सांगतो. तुकडे दोन जातींचे असतात. एकात प्रश्नही असतो आणि उत्तरही. ऐकणाऱ्याचं पोट भरतं, तो निघून जातो. दुसऱ्यात प्रश्न उभा राहतो आणि युक्तिवादाची पहिली पायरी दिसते, पुढचं व्याख्यानात. खाणारा तुकडा बहुधा पहिला, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजच. चिठ्ठ्या टाकून तोही तपासता येईल. आम्ही व्याख्यान देतो ते निष्कर्ष सांगायला नाही, तिथवर कसं पोचलो ते दाखवायला. वजाबाकी फायद्याची आली, पण लोक निष्कर्षच घेऊन जाऊ लागले, तर शॉर्ट्स चालू ठेवायचे का? हे आकडे सांगणार नाहीत. ते आपल्याला ठरवावं लागेल. मुलांनी पहिलं नाणं मागच्या रविवारी उडवलं आहे. शेवटच्या व्याख्यानाचे चार आठवडे भरले की निकाल इथेच सांगेन, जो येईल तो.