दहावीची परीक्षा आणि आईची रजा

फेब्रुवारी उजाडला की सरकारी कार्यालयांच्या आस्थापना शाखेत एका प्रकारचे अर्ज वाढतात. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘घरगुती कामासाठी.’ प्रत्यक्षात घरी मुलगी दहावीला असते. मुलाच्या परीक्षेसाठी रजा मागायची म्हणजे साहेबांकडे मेहेरबानी मागायची, असे अनेक आयांना वाटते, म्हणून खरे कारण कागदावर येत नाही. या कारणासाठी नियमांत स्वतंत्र रजा आहे. तिचे नाव बालसंगोपन रजा.

केंद्र सरकारने ही रजा सहाव्या वेतन आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना दिली. मुलांच्या गरजा म्हणजे काय, हे सांगताना त्या वेळच्या आदेशात परीक्षा आणि आजारपण ही दोन्ही उदाहरणे नाव घेऊन दिली होती. म्हणजे परीक्षा हे कारण कोणी ओढूनताणून आत बसवलेले नाही, ते पहिल्या दिवसापासून तिथे आहे. केंद्रात संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात. त्यातले पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी असतात आणि पुढचे ८० टक्के पगारावर. महाराष्ट्र शासनाने २३ जुलै २०१८ च्या निर्णयाने ही रजा राज्यात आणली. इथे संपूर्ण सेवेत १८० दिवस मिळतात, पण एका वर्षात दोन महिन्यांपेक्षा जास्त नाहीत. रजा पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आणि पूर्ण पगारी असते. ती अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही, आणि खात्यात अर्जित रजा शिल्लक आहे म्हणून ती नाकारायची नसते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण ‘आधी तुमची अर्जित रजा संपवा’ हे उत्तर अजूनही ऐकायला मिळते.

दोन्हीकडे एक अट सारखीच आहे. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आधी मंजुरी घ्यावी लागते. खरी अडचण इथेच येते. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि मार्च म्हणजे सरकारी वर्षाची अखेर. देयके कोषागारात जायची असतात, अनुदान खर्ची पडायचे असते, ताळमेळ लागायचा असतो. माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेची कोंडी तर आणखी मोठी, कारण बोर्डाच्या परीक्षेचे पर्यवेक्षण आणि पेपर तपासणी याच दिवसांत तिच्या वाट्याला येते. त्यामुळे ‘रजा देता येणार नाही’ म्हणणारा अधिकारी दरवेळी आडमुठाच असतो असे नाही. त्याच्यासमोर रिकामी खुर्ची आणि ३१ मार्च एकाच वेळी उभे असतात. चांगला अर्ज या अडचणीचे उत्तर सोबत घेऊन जातो.

एक उदाहरण घेऊ. जिल्ह्याच्या ठिकाणी एका राज्य कार्यालयात लेखा शाखेत काम करणारी आई आणि २०२५ साली दहावीला बसलेली तिची मुलगी. त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. आईच्या मनात पहिला विचार येतो तो सरसकट रजेचा. १७ फेब्रुवारी ते १७ मार्च म्हणजे २९ दिवस. रजेच्या मध्ये येणारे शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्याही रजेतच मोजल्या जातात. त्या काळात शिवजयंती, महाशिवरात्र आणि धुळवड होती. घरी बसूनच मिळाले असते ते दिवसही खात्यातून गेले असते. शिवाय या २९ दिवसांत मार्चचा पहिला पंधरवडा पूर्ण अडकतो.

आता वेळापत्रक समोर ठेवून पाहू. त्या वर्षी गणित आणि विज्ञानाचे पेपर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एकापाठोपाठ होते. मुलीला खरा आधार हवा तो तेव्हा. म्हणून ३ मार्च, सोमवार ते १२ मार्च, बुधवार अशी दहा दिवसांची बालसंगोपन रजा. तिला लागून आलेले १ आणि २ मार्चचे शनिवार-रविवार पुढे जोडण्याची परवानगी अर्जातच मागायची, म्हणजे ते दिवस रजेत मोजले जात नाहीत. पहिल्या पेपरच्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, आणि शेवटच्या दिवशी, १७ मार्चला, एक-एक नैमित्तिक रजा. त्यामुळे वर्षाच्या ६० दिवसांपैकी ५० आणि सेवेतल्या १८० पैकी १७० दिवस हातात राहतात. वर्षाच्या ताळमेळाचे शेवटचे दोन आठवडे ती टेबलावर असते, हे अधिकाऱ्याला सांगता येते. दोन मुलांच्या दहावी-बारावीला असे दहा-दहा दिवस घेतले तरी एकूण चाळीसच होतात. उरलेले दिवस मुलांच्या आजारपणाला लागतात, आणि आजारपण तारीख सांगून येत नाही.

केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे ही रजा एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते, आणि वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही. एकल मातांना सहा वेळा मिळते. त्यामुळे पेपरागणिक तुकडे करून चालत नाही.

अर्ज केव्हा करायचा? बोर्डाचे वेळापत्रक परीक्षेच्या काही महिने आधी जाहीर होते. ते आले की लगेच, म्हणजे उशिरात उशिरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. अर्जात चार-पाच गोष्टी हव्यात. मुलीचे नाव, जन्मतारीख आणि ती कितवे अपत्य, इयत्ता व शाळा, रजेच्या तारखा, मागे जोडायच्या किंवा पुढे लावायच्या सुट्ट्या, आतापर्यंत घेतलेली बालसंगोपन रजा आणि शिल्लक. सोबत जन्मदाखला आणि परीक्षेचे वेळापत्रक. मग सर्वात महत्त्वाचे वाक्य: ‘माझ्या रजेच्या काळात माझ्या संकलनाचे काम अमुक सहकारी पाहतील, त्यांची संमती सोबत जोडली आहे, २८ फेब्रुवारीपर्यंतची देयके मी रजेवर जाण्यापूर्वी सादर करीन.’ हे वाक्य नसलेला अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर प्रश्न होऊन पडतो, आणि प्रश्न लांबणीवर टाकण्याकडेच कार्यालयाचा कल असतो. अर्ज आवक शाखेत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी ‘बघू’ म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीचा आदेश हातात येण्याआधी घरी राहिले तर ती गैरहजेरी ठरू शकते.

नकार आलाच, तर तो लेखी मागावा आणि कारणासह मागावा. याचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या एका निकालातून कळते. अंदमान-निकोबार प्रशासनातल्या एका कर्मचारी महिलेने २०११ मध्ये दहावीतल्या मुलासाठी सहा महिन्यांची रजा मागितली. अर्ज पडून असतानाच तिची बदली निकोबारमधल्या कॅम्पबेल बे इथे झाली. पुढे २०१२ मध्ये तिने सलग दोन वर्षांची रजा मागितली, तेव्हा प्रशासनाने फक्त ४५ दिवस दिले. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निर्णय दिला, कोलकाता उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तिच्या बाजूने कौल दिला. सलग ७३० दिवस रजा देण्यास केंद्राच्या नियमात आडकाठी नाही आणि ती नाकारण्याचे कोणतेही कारण प्रशासनाने दाखवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. रजा हक्क नाही हे मान्य करूनही नकाराला कारण लागते, हा या निकालाचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. पण तारखाही बघा. ज्या मुलासाठी रजा मागितली, त्याची दहावी निकाल लागेपर्यंत केव्हाच उलटून गेली असणार. म्हणून कोर्टाच्या भरवशावर बसण्यापेक्षा जानेवारीतला नीट अर्ज आणि नकार आल्यास आठवडाभरात वरिष्ठांकडे लेखी विनंती, हाच उपयोगी मार्ग आहे. राज्यात वर्षाला दोन महिन्यांची मर्यादा असल्याने सलग दोन वर्षांचा प्रश्न इथे येतच नाही.

प्रवेशाचे गणित मात्र परीक्षेपेक्षा वेगळे आहे, आणि अनेक आया इथे रजा वाया घालवतात. परीक्षेची तारीख आधी कळते, प्रवेशाची कळत नाही. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर झाले. संकेतस्थळ अडखळले आणि नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. मेच्या मध्यापासून ज्यांनी सलग रजा टाकली असेल, त्यांची निम्मी रजा वाट पाहण्यात गेली असेल. या प्रक्रियेत घरून करायचे काम बरेच आहे. नोंदणी आणि दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरणे संध्याकाळी जमते. खरी रजा लागते ती यादीत नाव लागल्यावर, कारण प्रवेश निश्चित करायला काहीच दिवस असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि त्या मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. त्यासाठी नैमित्तिक रजा राखून ठेवावी. राज्य कर्मचाऱ्यांना ती वर्षाला आठ दिवस मिळते आणि अर्धा दिवसही घेता येते. खासगी दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या राज्य कायद्यातही वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, पण ती वर्षअखेर संपते. मार्चमध्येच ती उडवली तर जूनमध्ये हात रिकामे. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे एप्रिलमध्येच तपासून ठेवली, तर प्रवेशाचा एक दिवस एकाच दिवसात आटोपतो. कागद अपुरा निघाला तर तहसीलच्या खेपांमध्ये तीन रजा जातात.

या रजेत एक मोठी उणीव आहे. राज्याच्या निर्णयानुसार पुरुष कर्मचाऱ्याला ती मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हाच. केंद्रात एकल वडिलांना मिळते. पत्नी नोकरी करते, तिला रजा मिळत नाही आणि नवरा सरकारी नोकरीत आहे, अशा घराला नियमात जागा नाही. मुलीला गणिताचा पेपर बापही समजावून सांगू शकतो. हा नियम बदलायला हवा, आणि कर्मचारी संघटनांनी मागण्यांच्या यादीत तो पगारवाढीच्या बरोबरीने ठेवायला हवा. तोपर्यंत ज्या आईचे मूल पुढच्या वर्षी दहावीला आहे, तिने बोर्डाचे वेळापत्रक लागताच अर्ज द्यावा आणि कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहावे: मुलीची दहावीची परीक्षा.