बर्फातला हायड्रोजन आणि लपलेले चुंबक

पाण्यात ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू चिकटलेले असतात, हे मुलांच्या शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. पण तेच पाणी गोठून बर्फ झालं, की त्यातले हायड्रोजन नेमके कुठे बसतात? हे कोडं कसं सुटलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक गोष्ट करून पाहा. रात्री तलम ओढणी डोळ्यांसमोर ताणून धरा आणि तिच्यातून दूरच्या दिव्याकडे बघा. एका दिव्याच्या जागी फुलीसारखी ठिपक्यांची रांग दिसेल. वीण जितकी घट्ट, तितके ठिपके लांब लांब. म्हणजे धागे न मोजताही ठिपक्यांवरून वीण सांगता येते. याला विवर्तन म्हणतात. बर्फात, मिठात अणूंची अशीच वीण असते, फक्त इतकी बारीक की साधा उजेड तिथे चालत नाही. तिथे क्ष-किरण लागतात, तेच ते, हाड मोडलं की फोटो काढायचे.

पण क्ष-किरणांची एक खोड आहे. ते अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. ऑक्सिजनकडे आठ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनकडे एकच. ठिपक्याची चमक तर वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे एकास चौसष्ट. ढोलापुढे टाचणी पडल्याचा आवाज कुठून ऐकू यायचा? त्यातून हायड्रोजनचा तो एकुलता इलेक्ट्रॉनही ऑक्सिजनच्या बाजूला ओढलेला असतो. म्हणून हायड्रोजन दिसला तरी आहे त्यापेक्षा जवळ दिसतो.

न्यूट्रॉनचं तसं नाही. अणुभट्टीत निघालेले न्यूट्रॉन पाण्यासारख्या पदार्थात धडकत धडकत मंद झाले, की तेही लाटेसारखे वागतात, आणि त्यांची लाट अणूंच्या वीणीला बरोबर बेताची असते. ते इलेक्ट्रॉन ओलांडून थेट अणूच्या गाभ्यावर, म्हणजे केंद्रकावर आपटतात. केंद्रकापुढे थोरला-धाकटा असा भेद फारसा चालत नाही. हायड्रोजनचा इवलासा गाभाही न्यूट्रॉनला चांगला विखुरतो.

अमेरिकेत ओक रिज इथे वोलन, डेव्हिडसन आणि शल यांनी 1949 साली बर्फावर हेच केलं. क्ष-किरणांनी ऑक्सिजनच्या जागा आधीच दाखवल्या होत्या. दोन ऑक्सिजनांमध्ये अंतर पावणेतीन अँगस्ट्रॉम. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आता मधला हायड्रोजन बरोबर मध्यावर असेल, की एका बाजूला सरकलेला? लायनस पॉलिंग यांनी 1935 सालीच म्हटलं होतं, की तो एका ऑक्सिजनपासून साधारण एका अँगस्ट्रॉमवर असतो. पण कुठे या बाजूला, कुठे त्या बाजूला, कसलाही नेम नाही. न्यूट्रॉनांच्या ठिपक्यांची चमक या हिशेबाशी जुळली, मध्यावरच्या हिशेबाशी नाही.

इथे एक अडचण होती. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांना बेशिस्तपणे चहूकडेही उडवतो, आणि त्या धुरकटपणात ठिपके बुडतात. म्हणून त्यांनी जड पाण्याचा बर्फ घेतला. त्यात हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम असतो, तो इतका गोंधळ घालत नाही.

न्यूट्रॉनचा दुसरा गुण आम्हाला जास्त नवलाचा वाटतो. तो स्वतःच एक चिमुकला चुंबक आहे. मँगनीज ऑक्साइड नावाचा पदार्थ घ्या. त्यात मँगनीजचा एकेक अणू चुंबक असतो. शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पूड उणे 190 अंशांच्या आसपास थंड केली, तेव्हा खोलीच्या तापमानाला नसलेले नवे ठिपके उमटले. त्यांच्या जागा सांगत होत्या, की वीण आता दुपटीच्या अंतराने परत येते आहे. पण क्ष-किरणांनी दिसणारी अणूंची वीण तर दुप्पट झालेली नव्हती! मग बदललं काय? चुंबकांची तोंडं. एका थरातले सगळे एकीकडे, पुढच्या थरातले उलट. तिसरा थर पुन्हा पहिल्यासारखा, म्हणून अंतर दुप्पट.

हे ठिपके खरंच चुंबकांचे आहेत, हे कसं ओळखायचं? पूड सुमारे उणे 155 अंशांच्या वर तापली, की ते ठिपके विरतात आणि बाकीचे जागेवर राहतात. बाहेरून चुंबक लावून ही रचना कळली नसती, कारण उलटसुलट तोंडं एकमेकांना पुसून टाकतात. क्ष-किरणांना चुंबकपणा जवळपास जाणवतच नाही. त्यासाठी फार प्रखर झोत लागतो.

मग सगळीकडे न्यूट्रॉनच का वापरत नाहीत? त्यांचा झोत क्षीण असतो. क्ष-किरणांना धुळीच्या कणाएवढा स्फटिक पुरतो; न्यूट्रॉनला बहुधा मिलिमीटरभर तरी हवा, आणि मोजायला कित्येकदा दिवस जातात. शिवाय अणुभट्टी किंवा तसंच मोठं यंत्र लागतं, ते घरोघरी कुठून असणार? आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव नावाची भट्टी 1985 साली सुरू झाली, तिथे अशी कामं होतात. त्याआधी तिथल्याच सायरस भट्टीवर राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांमधल्या हायड्रोजनांच्या जागा मोजल्या. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं ज्यांची बनतात, तीच ही अमिनो आम्लं.